प्रोस्टेटचं इंजेक्शन आणि पुरुषातलं इस्ट्रोजेन

६८ वर्षांचे एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत असं धरू. कंबर दुखते म्हणून त्यांनी सहा महिने तेल चोळलं, पट्टा बांधला. रात्री लघवीला चार-चारदा उठावं लागायचं, ते वयावर ढकललं. शेवटी मुलाने आग्रहाने रक्त तपासून घेतलं, तेव्हा पीएसएचा आकडा निघाला १८०. त्यांच्या वयाला तो साधारण चारच्या आत असावा अशी अपेक्षा असते. बायोप्सीत प्रोस्टेटचा कर्करोग सापडला आणि बोन स्कॅनमध्ये मणक्यात व खुब्याजवळच्या हाडात डाग दिसले. हे गृहस्थ कल्पनेतले आहेत. पण मूत्रविकार विभागाच्या बाहेरच्या बाकावर त्यांच्यासारखी माणसं रोज बसलेली असतात.

रोग हाडांपर्यंत पोहोचला की नुसती प्रोस्टेट ग्रंथी काढून भागत नाही. मग डॉक्टर सांगतात, ‘‘काका, हार्मोनचे उपचार सुरू करू. इंजेक्शन तरी घ्या, नाहीतर छोटं ऑपरेशन करून घ्या.’’ हार्मोनचे उपचार म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटतं, शरीरात कसलं तरी हार्मोन घालणार. होतं उलटं. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणायचं, हा या उपचारांचा गाभा आहे.

प्रोस्टेटच्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर पोसतात आणि त्यांच्यापासून झालेल्या कर्करोगाच्या पेशीही ती सवय सोडत नाहीत. शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं. ते आधी कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम करत होते. हाडांपर्यंत रोग गेलेल्या रुग्णांचे वृषण काढले किंवा त्यांना इस्ट्रोजेनसारखं काम करणारं स्टिलबेस्ट्रॉल दिलं, तर रक्तातलं रोगाचं एक निदर्शक रसायन भराभर खाली येतं आणि हाडांचं दुखणं कमी होतं, असं त्यांना आढळलं. एखादा पसरलेला कर्करोग हार्मोनच्या नाड्या आवळून मागे हटवता येतो, याचा तो ठोस पुरावा होता. त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

कंडक्टरकाकांसमोरचा ऑपरेशनचा पर्याय हगिन्स यांच्याच काळातला आहे. कमरेखाली भूल देऊन, अंडकोषाला छोटा छेद घेऊन वृषण काढतात. काही शल्यविशारद बाहेरचं आवरण ठेवून आतला भाग तेवढा काढतात, म्हणजे पिशवी अगदी रिकामी दिसत नाही. काही तासांतच टेस्टोस्टेरॉन तळाला जातं, खर्च एकदाच होतो आणि तारखा सांभाळाव्या लागत नाहीत. म्हणून आपल्याकडे, विशेषतः सरकारी रुग्णालयांत, हा मार्ग अजून बरेच जण घेतात. गुण इंजेक्शनइतकाच येतो. तरी ‘ते काढणार’ हा विचार अनेकांना सोसवत नाही, आणि त्यात हसण्यासारखं काहीच नाही. शिवाय ऑपरेशन मागे घेता येत नाही. इंजेक्शन मात्र थांबवता येतं.

इंजेक्शनचं काम गमतीशीर वाटावं असं आहे. ते टेस्टोस्टेरॉनला अडवत नाही, उलट त्याच्या निर्मितीचा हुकूम आणखी जोरात देतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून दर तास-दोन तासांनी एका संप्रेरकाचा छोटा झोत सुटतो. तो खाली पिट्युटरी ग्रंथीला पोहोचतो, ती दुसरं संप्रेरक रक्तात सोडते, आणि त्या इशाऱ्यावर वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतात. यात झोत थांबून थांबून येणं महत्त्वाचं आहे. १९७८ मध्ये माकडांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात हे स्पष्ट झालं. हायपोथॅलॅमसचा पुरवठा तोडलेल्या माकडांना तेच संप्रेरक तासातून एकदा दिलं तेव्हा पिट्युटरी व्यवस्थित चालली. अखंड ठिबकत ठेवलं तेव्हा ती गप्प झाली. सततच्या हाकांना ती कानच देईनाशी होते. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं नेमकं हेच करतात. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी टोचलेला साठा रोज थोडा थोडा झिरपत राहतो आणि पिट्युटरी तीन-चार आठवड्यांत थंडावते.

पण थंडावण्याआधी ती भडकते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन खाली येण्याऐवजी वर चढतं. कंडक्टरकाकांच्या मणक्यात रोग आहे. अशा रुग्णात तेवढ्या दिवसांत गाठ वाढून मज्जारज्जूवर दाब आला, तर पायातलं बळ जाऊ शकतं. म्हणून इंजेक्शनच्या काही दिवस आधीपासून बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या सुरू करतात आणि नंतरही काही आठवडे चालू ठेवतात. टेस्टोस्टेरॉन वाढलं तरी ते पेशीला चिकटू नये, एवढंच या गोळीचं काम. धोका जास्त वाटला तर डेगारेलिक्स देतात. ते पिट्युटरीला सरळ बंदच करतं, आधीची उसळी येत नाही. त्याची पहिल्या दिवशी पोटाच्या कातडीखाली दोन इंजेक्शनं आणि मग दर महिन्याला एक. या काळात पाय जड पडले, चालताना लटपटू लागले, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नसते. त्याच रात्री रुग्णालय गाठायचं असतं.

उपचार लागू पडले का, हे दोन आकड्यांवरून कळतं. टेस्टोस्टेरॉन एरवी ३०० ते १,००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, ते ५० च्या खाली जायला हवं. पीएसए महिन्यामहिन्याला उतरत जायला हवा. सहा-सात महिन्यांत तो ०.२ च्याही खाली गेला तर चांगलं लक्षण. पीएसए उतरता उतरता थांबला किंवा वर चढू लागला, की नवं औषध लिहिण्याआधी चांगला डॉक्टर टेस्टोस्टेरॉन तपासून घेतो. कधी इंजेक्शनची तारीखच टळलेली असते. कधी मात्र टेस्टोस्टेरॉन तळाला असूनही रोग वाढतो. अधिवृक्क ग्रंथी थोडंफार पुरुषी हार्मोन बनवतात आणि गाठ स्वतःही ते बनवायला शिकते. म्हणून रोग पसरलेल्या रुग्णाला आता नुसत्या इंजेक्शनवर ठेवत नाहीत. सुरुवातीपासून जोडीला ॲबिराटेरोनसारखं औषध दिलं तर मृत्यूचा धोका एक तृतीयांशाहून अधिक घटतो, हे २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं.

इथवर सगळं सुरळीत झालं असं समजू. तिसऱ्या महिन्यात काकांचं कंबरदुखणं गेलं, पीएसए दोनवर आला, घरच्यांच्या जिवात जीव आला. आणि नेमकं तेव्हाच एका संध्याकाळी चहा पिताना त्यांच्या छातीतून एक गरम लाट वर चढली. मान, कान, चेहरा तापला, डोक्यातून घाम निथळू लागला, सदरा पाठीला चिकटला. तीन-चार मिनिटांत ती लाट ओसरली आणि मागोमाग थंडी वाजू लागली. पुढे हे दिवसातून सहा-सात वेळा व्हायला लागलं. रात्री दोनदा बनियन बदलायचे. काकांना वाटलं, हा हृदयविकाराचा झटका असणार. बायकोने मात्र बघताक्षणीच ओळखलं. पाळी गेली तेव्हा तिने हेच दोन वर्षं काढलं होतं.

तिचं निदान शास्त्रशुद्ध म्हणावं असं आहे. या उपचारांवरच्या पुरुषांपैकी बहुसंख्यांना, काही पाहण्यांत पाचातल्या चौघांना, अशा वाफा येतात. त्यांचं मूळ पाळी गेलेल्या स्त्रीच्या वाफांमध्ये आहे तेच: इस्ट्रोजेनची टंचाई.

पुरुषाच्या अंगात इस्ट्रोजेन कुठून, असा प्रश्न पडेल. ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. चरबीत, हाडांत, मेंदूत ॲरोमॅटेज नावाचं विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचा थोडा अंश इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. हा अंश लहान असला तरी त्यावर फार काही अवलंबून असतं. इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉनचा झरा आटवला की त्याच्यावर चालणारं इस्ट्रोजेनही आटतं. नाव एका हार्मोनचं, पण जातात दोन. रुग्णाला हे क्वचितच कोणी सांगतं, आणि सांगायला हवं. कारण या उपचारांचे दोन मोठे त्रास, वाफा आणि हाडांची झीज, मुख्यतः त्या दुसऱ्या हार्मोनच्या खात्यावर जमा होतात.

हे अंदाजाने म्हटलेलं नाही. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २० ते ५० वयाच्या सुमारे ४०० निरोगी पुरुषांना गोसेरेलिन देऊन त्यांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद केलं आणि वरून कमी-जास्त प्रमाणात टेस्टोस्टेरॉनचं जेल लावायला दिलं. निम्म्यांना सोबत ॲरोमॅटेज रोखणारी गोळी दिली, म्हणजे टेस्टोस्टेरॉन मिळेल पण त्याचं इस्ट्रोजेन होणार नाही. स्नायूंचं बळ टेस्टोस्टेरॉनच्या मात्रेप्रमाणे बदललं. पोटाची चरबी मात्र इस्ट्रोजेन नसलेल्यांची वाढली, वाफा प्रामुख्याने त्यांनाच आल्या आणि हाडांची झीजही मुख्यतः त्यांचीच झाली. त्याहून बोलकं उदाहरण १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. त्या २८ वर्षांच्या तरुणाचं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं, रक्तात इस्ट्रोजेनही भरपूर होतं. फक्त जनुकातल्या दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं. उंची २०४ सेंटिमीटर, हाडांची टोकं अजून सांधलेली नाहीत, हाडांचं वय १५ वर्षांच्या मुलाएवढं. आणि ती हाडं ठिसूळ.

आता काकांच्या वाफांकडे. शरीराचं तापमान अगदी किंचित वर-खाली झालं तरी मेंदू एरवी तिकडे काणाडोळा करतो. इस्ट्रोजेन गेलं की ही सवलत आक्रसते. एक कप गरम चहा, उन्हातून घरात येणं, जाड गोधडी, एवढ्या निमित्तानेही मेंदूला वाटतं की अंग फार तापलं, आणि तो घाम काढून ते थंड करायला धावतो. म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. दोन आठवडे वहीत लिहून ठेवायचं की वाफ कधी आली आणि त्याआधी काय खाल्लं-प्यायलं होतं. पुष्कळांना आपलं निमित्त त्यात सापडतं. चहा कोमट, पांघरूण सुती आणि दोन पदरी, उशाशी पंखा, यावर अनेकांचं निभावतं.

झोपच उडत असेल तर औषधं आहेत. फ्रान्समधल्या एका चाचणीत तीन औषधांची तुलना झाली आणि तिन्हींनी वाफा कमी केल्या. त्यात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि सायप्रोटेरॉन ही हार्मोनच्या वर्गातली औषधं नैराश्यावरच्या व्हेनलाफॅक्सिनपेक्षा सरस ठरली. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या रोज २० मिलिग्रॅमच्या गोळ्या ब्रिटनमध्ये प्रथम पसंतीच्या मानतात. मात्र पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर डॉक्टरला आधी सांगायला हवं. व्हेनलाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो आणि ते एकाएकी बंद करता येत नाही. गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील, पण त्रास होतोय हे त्यांच्या कानावर तर गेलं पाहिजे. आपल्याकडचे पुरुष त्याबद्दल बोलतच नाहीत. कामेच्छा गेली, छाती दुखरी झाली, उगाच रडू येतं, हेही सांगत नाहीत. बायको सोबत असेल तर तीच सांगते.

आणखी दोन खुणा ध्यानात असाव्यात. वाफ आली तरी थर्मामीटरवर ताप नसतो. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त निघाला, विशेषतः केमोथेरपी चालू असताना, तर ती वाफ नव्हे. तडक फोन करायचा. दुसरी गोष्ट, वाफा येत नाहीत म्हणजे इंजेक्शन लागू पडत नाही, असं नसतं. ते पीएसए आणि टेस्टोस्टेरॉनच सांगतात.

वाफा निदान जाणवतात तरी. हाडं गुपचूप झिजतात. वय झालेल्या पुरुषाच्या हाडांची घनता एरवी वर्षाला अर्धा ते एक टक्का घटते. या उपचारांच्या पहिल्या वर्षात ती तीन ते पाच टक्के घटू शकते. हाड मोडणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशी जन्मभर शेजारी शेजारी काम करतात. इस्ट्रोजेन मोडणाऱ्यांना लगाम घालतं. तो सुटला की मोडतोड पुढे धावते आणि बांधकाम मागे राहतं. अमेरिकेत ५० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये निष्कर्ष आला: निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांमध्ये हे उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांचं हाड मोडलं, न घेतलेल्यांत १२.६ टक्क्यांचं. ही मोडकी हाडं कर्करोगाने पोखरलेलीच असतात असं नाही. न्हाणीघरात घसरून मोडलेला खुबा कर्करोगापासून मोकळाही असू शकतो.

म्हणून इंजेक्शन सुरू होतानाच डेक्सा तपासणी करून घ्यायची असते. पाच-दहा मिनिटं टेबलावर पडून राहायचं, सुई नाही, दुखणं नाही. अहवालात टी-स्कोअर येतो. तो उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली आहेत असं समजतात. इथे एक खाचखळगा आहे. उतारवयात मणक्यांना काटे फुटलेले असतात, आणि प्रोस्टेटचा रोग हाडात गेला की तिथलं हाड बहुधा अधिक दाट दिसतं. त्यामुळे काकांच्या कण्याचा आकडा उत्तम येईल आणि तो खोटा असेल. त्यांच्या बाबतीत खुब्याच्या मानेचा, तोही रोग नसलेल्या बाजूचा आकडा बघायला हवा. उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी झाली असेल किंवा पाठ एकाएकी दुखू लागली असेल, तर मणका दबला आहे का हे एक्स-रे किंवा एमआरआय काढून पाहतात. आणि तो ठिसूळपणाने दबला की रोगाने, हेही ठरवावं लागतं, कारण दोन्हींचे उपचार वेगळे.

कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या म्हणजे झालं, हा समज घरोघरी आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच; आहारातलं धरून दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. पण नुसत्या त्यांनी ही झीज थांबत नाही. धोका जास्त असेल तर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड सलाइनमधून देतात, किंवा दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन कातडीखाली देतात. डेनोसुमॅबच्या चाचणीत तीन वर्षांत नव्याने मणका दबण्याचं प्रमाण ३.९ वरून १.५ टक्क्यांवर आलं. रोग हाडांत असताना, विशेषतः इंजेक्शनला तो दाद देईनासा झाल्यावर, हीच औषधं कितीतरी जास्त मात्रेत आणि जवळजवळच्या तारखांना दिली जातात. घरात दोन कागदांवर एकाच औषधाच्या दोन मात्रा दिसल्या तर गोंधळून जाऊ नये, पण विचारून जरूर घ्यावं.

ही औषधं सुरू करण्याआधी दंतवैद्याकडे जाणं भाग आहे. क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरतं, आणि बहुधा ते दात काढल्यानंतर घडतं. हलणारा दात आधी काढून जखम भरू द्यावी. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही आधी तपासून भरून काढतात, नाहीतर इंजेक्शननंतर रक्तातलं कॅल्शियम घसरतं; बोटांना मुंग्या येणं आणि पायात गोळे येणं ही त्याची खूण. डेनोसुमॅबची तारीख मात्र टाळण्यासारखी नाही. ते मध्येच सोडलं तर दाबून ठेवलेली मोडतोड उसळून वर येते आणि एकापाठोपाठ मणके दबल्याची उदाहरणं आहेत. थांबवायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध देऊन थांबवतात.

व्यायामाचा सल्ला सगळेच देतात. इथे मात्र त्याला नेमकं कारण आहे. स्नायूही टेस्टोस्टेरॉनबरोबर जातात, आणि दुबळे पाय आधी पडतात, मग हाड मोडतं. नुसतं फिरणं पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असं जोर लावावा लागणारं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा करायला हवं. रोग मणक्यात असल्यामुळे काकांनी ते फिजिओथेरपिस्टला विचारून, कंबरेत न वाकता करायचं.

राहता राहिला एक साधा प्रश्न. इस्ट्रोजेन गेल्याने एवढं होत असेल तर ते वरून का देत नाहीत? हगिन्स यांनी तेच तर दिलं होतं. वरून इस्ट्रोजेन दिलं की पिट्युटरी आपोआप गप्प बसते आणि टेस्टोस्टेरॉन उतरतं. पण १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीत दिसलं की स्टिलबेस्ट्रॉलच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळीने कर्करोग आटोक्यात राहतो, पण हृदयविकाराने आणि रक्ताच्या गुठळ्यांनी माणसं दगावतात. पोटातून गेलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात पोहोचतं आणि यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं. कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून दिलं तर ते यकृताला वळसा घालून रक्तात जातं. ब्रिटनमधल्या ‘पॅच’ या प्रदीर्घ चाचणीत पट्टी लावलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनइतकंच उतरलं, वाफा कितीतरी कमी आल्या आणि हाडांची घनता घटण्याऐवजी वाढली. स्तन मात्र बहुतेकांचे वाढले. फार न पसरलेल्या रोगात पट्टीने तो इंजेक्शनइतकाच आटोक्यात राहतो, असं २०२४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत दिसलं. हा पर्याय सरसकट सगळ्यांना द्यावा अशी स्थिती अजून नाही, पण विचारण्यासारखा तो नक्कीच आहे.

कंडक्टरकाकांना बहुधा इंजेक्शन आणि सोबत ॲबिराटेरोनच मिळेल. त्याबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज घ्यावं लागतं आणि तेही हाडं झिजवतं. म्हणजे हाडांवर घाव दोन्ही बाजूंनी. आपल्या घरात कोणी या उपचारांवर असेल तर त्यांची फाइल उघडून पाहा. तिच्यात पीएसएचे दहा कागद असतील, डेक्साचा एकही नसेल, तर पुढच्या तारखेला ती तपासणी लिहून मागा.